आधी गोळ्या, मग कागद

अकरावं वाक्य मी तोपर्यंत सात वेळा लिहिलं होतं. तसं साधंच वाक्य. तुम्ही या अभ्यासात आला नाहीत तरी तुमच्या टीबीच्या गोळ्या चालूच राहतील. दुसरीतल्या पोराला कळेल असं. पण ज्यांना ते कळायला हवं होतं त्यांना काही केल्या कळत नव्हतं, आणि ज्यांना आधीपासून कळत होतं ते म्हणत होते की वाक्य शोभत नाही.

आमचा अभ्यास छोटा. टीबीच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात. पण माणूस फारच वाळलेला असला तर त्याच्या रक्तात ते औषध पुरेसं उतरतं का, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी कन्नड आणि गंगापूर तालुक्यांतल्या साठ पेशंटांचं रक्त घ्यायचं. एकाच दिवशी दोनदा, सकाळी उपाशीपोटी गोळ्यांच्या आधी आणि गोळ्या घेतल्यावर दोन तासांनी. दर वेळी एक छोटा चमचा. मी ज्या मेडिकल कॉलेजात प्रकल्प सहायक आहे, तिथल्या राजनंदिनी मॅडमचा हा अभ्यास. रक्त काढणारे वेगळे, तपासणारे वेगळे, माझं काम कागदाचं. पेशंटसाठी माहितीपत्रक लिहायचं, ते त्याला वाचून दाखवायचं, आणि सगळं समजून तो हो म्हणाला तर सही नाहीतर अंगठा घ्यायचा.

मॅडमनी इंग्रजी नमुना पाठवला आणि म्हणाल्या, "तनुजा, याचं सोपं मराठी कर. चार दिवसांत होईल ना?"

मी हो म्हणाले. मला वाटलं होतं, होईल.

सम्यक तेव्हा अकरा महिन्यांचा होता. मी अर्धा दिवस जायचे. दुपारी घरी आले की तो झोपायचा, तो माझा वेळ. पाऊण तास, कधी त्याहून कमी. पलंगाच्या कडेला बसायचं, एक पाऊल त्याच्या पाठीला टेकवून, कारण पाऊल काढलं की त्याला झोपेतही कळायचं. मांडीवर लॅपटॉप. 'जोखीम' खोडून 'त्रास' लिहायचं. 'स्वेच्छेने' खोडून 'तुमच्या मनाने'. 'सहभागी' या शब्दाचं काय करायचं ते दोन दुपारी कळलं नाही, मग सरळ 'तुम्ही' लिहिलं. मधेच त्याचे ओठ हलायचे, दूध पीत असल्यासारखे, आणि माझी बोटं थांबायची. उठतो का? नाही उठत. मग पुढचं वाक्य.

दोन पानांचं पत्रक तयार झालं. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोला. मोठ्याने वाचलं तर सहा मिनिटं लागायची. सासूबाईंना वाचून दाखवलं, भाजी निवडता निवडता त्यांना सगळं समजलं.

मग ते एथिक्स कमिटीपुढे गेलं. माणसांवरचा कुठलाही अभ्यास या समितीने हो म्हटल्याशिवाय सुरू होत नाही. तीत डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक सामान्य माणूस असावा लागतो. सामान्य म्हणजे दवाखान्याशी, संशोधनाशी संबंध नसलेला, साध्या माणसाच्या कानांनी पत्रक ऐकणारा. आमच्या समितीतले सामान्य माणूस होते अप्पाराव सर. एकतीस वर्षं मराठी शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. ते लाल पेन घेऊनच आले होते.

"हे 'तुमचं रक्त काढणार' काय आहे?" त्यांनी विचारलं. "ही काय कागदाची भाषा झाली? 'रक्तनमुना संकलित करण्यात येईल' असं हवं."

"सर, पेशंट फार शिकलेले नाहीत," मी म्हणाले.

"म्हणूनच. शिकलेला नाही म्हणून त्याला गावंढळ भाषेत लिहायचं? त्याचा मान नाही का काही?" आणि अकराव्या वाक्यावर पेन ठेवून ते म्हणाले, "आणि हे. 'गोळ्या चालूच राहतील.' अहो, गोळ्या म्हणजे काय शेंगदाणे? 'सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून नकार दिल्यास आपल्या नियमित औषधोपचारावर कोणताही विपरीत परिणाम होणार नाही.' लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. त्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता, हेच अवघड होतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण त्या माणसाला चांगले कपडे घालून देतोय.

वकीलबाईंनी इजा झाल्यास भरपाईचा परिच्छेद वाढवायला सांगितला. तो नियमाने लागतोच. एका डॉक्टरांना उरलेलं रक्त पाच वर्षं साठवायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी हवी होती, तेही बरोबर. दोन पानांची साडेतीन झाली, मग पाच. मॅडम शेजारी बसून टेबलाखाली पाय हलवत होत्या.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "असं करा. पाच पेशंटांना नुसतं वाचून दाखवा. सही घ्यायची नाही, रक्त घ्यायचं नाही. काय समजलं ते त्यांच्या तोंडून विचारा आणि लिहून आणा. तीन आठवड्यांनी बैठक आहे, तेव्हा भाषेचं ठरवू."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "या बैठकीत पास झालं पाहिजे, तनुजा. पुढची बैठक तीन महिन्यांनी. तोवर आपलं अर्धं वर्ष गेलं."

---

देवगाव रंगारीला एसटीने दीड तास लागतो. नवरा शेंद्र्याच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला, म्हणून सम्यकला सासूबाईंकडे सोडून सकाळी निघाले. गावच्या आशा सेविका सरिताताई माझी वाट बघत उभ्या होत्या. बत्तीस-तेहतीस वर्षांच्या, बोलक्या, खांद्याला निळी कापडी पिशवी. आसपासच्या पेशंटांच्या गोळ्या त्यांच्याकडे यायच्या आणि दर बुधवारी त्या आठवड्याच्या गोळ्या घरोघर द्यायच्या. त्यांच्याबरोबर गेलं नाही तर मला दारात कोण उभं करणार?

पहिलं घर गोजरबाईंचं. वय त्या सांगत होत्या साठ, सरिताताईंच्या वहीत अडुसष्ट होतं. वजन छत्तीस किलो. दीड महिना गोळ्या झाल्या होत्या आणि खोकला बराच बसला होता. आम्ही अंगणातच बसलो, मी मास्क लावून, त्या तोंडाला पदर लावून. सरिताताई माझ्या शेजारी टेकल्या, पिशवी मांडीवर.

मी माझं जुनं पत्रक वाचलं, साधं, फक्त रक्त साठवण्याचा प्रश्न त्यात जोडून. गोजरबाईंनी मान हलवत ऐकलं, मधेच कोंबडीला हाकललं, परत ऐकलं.

"आजी, आता तुम्ही सांगा. मी काय वाचलं?"

"परीक्षा घ्यायली व्हय माझी?" त्या हसल्या. "सांगते की. दवाखान्यात बोलवायचं, उपाशी. येक डाव रगत काढायचं, मग गोळ्या खायच्या, दोन घंट्यानं परत काढायचं. चमचा चमचा. दवा रगतात मुरती का नाय ते बघायचं. मला त्याचा फायदा काय नाय, पुढच्यान्ला हुईल. आन् उरलेलं रगत पाच वर्सं ठिवायचं का म्हून इचारायलीत. एवढी वर्सं मी ऱ्हाते का नाय, रगत ऱ्हाणार."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. कमिटीतल्या कुणाला एवढं नीट सांगता आलं नसतं.

"आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

"नको कसं म्हणावं," त्या म्हणाल्या. "गोळ्या बंद हुत्याल की."

"नाही आजी. मी वाचलं ना, गोळ्या चालूच राहतील."

"व्हय, वाचलंस."

"मग?"

"मग काय. घ्या की रगत. म्या कुटं नाय म्हणायली."

मी परत वाचलं. सावकाश. मग कागद बाजूला ठेवून तोंडाने सांगितलं. त्यांनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली आणि परत विचारल्यावर परत तेच सांगितलं. दुसऱ्या घरी कडुबामामा होते, वीटभट्टीवर काम केलेले, चौथी शिकलेले. त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचला, बोट फिरवत. अकराव्या वाक्यावरून बोट नीट गेलं. "मग नाही म्हणालात तर?" विचारलं तर म्हणाले, "तसं लिव्हावंच लागतं ताई. सरकारी कागदावर चांगलंच लिव्हत्यात."

पाचही जणांना रक्ताचं समजलं, वेळेचं समजलं, फायदा नाही हे समजलं. नकाराचं पाचांपैकी एकालाही नाही.

येताना एसटीत खिडकीपाशी बसले होते. दुधाने छाती दगडासारखी झाली होती, ओढणी पुढे घेतली. दोष वाक्याचाच असणार. वाक्य खाली आहे, म्हणून लक्ष जात नाही. ते वर घेऊ. ठळक करू. घरी पोचले तर सम्यक नाचणीच्या सत्त्वापुढे बसलेला. सासूबाईंनी चमचा पुढे केला की तो मान गर्रकन फिरवायचा. चमचा डावीकडे, मान उजवीकडे. दोन्ही पाय ताठ, मुठी आवळलेल्या, सगळ्या अंगाने नको.

"लईच हट्टी आहे गं," सासूबाई म्हणाल्या. मी त्याला उचलून घेतलं आणि उगाचच त्याच्या मानेवर ओठ टेकवून बसले. याला ते कुणी शिकवलं नव्हतं.

---

पुढच्या चार दुपारी त्या एकाच वाक्याच्या. आठव्यांदा लिहिलं, नवव्यांदा लिहिलं. सगळ्यात वर घेतलं. चौकटीत घातलं. 'नाही म्हटलं तरी चालेल. कुणी रागावणार नाही. गोळ्या थांबणार नाहीत.' तीन छोटी वाक्यं केली. मॅडमना दाखवलं.

"यात आता अजून काय सोपं करणार तू?" त्या म्हणाल्या. "हे बघ, तिथे आशाताई असते. तिच्यापुढे नाही म्हणायला संकोच वाटत असेल. तिला जरा लांब बसव."

हे मला पटलं. पुढच्या बुधवारी सरिताताईंना म्हणाले, "ताई, मी वाचते तेव्हा तुम्ही जरा पलीकडे बसाल का?"

"म्हणजे मी दडपण आणते व्हय?" त्यांना लागलं ते दिसलं. "बसते की. मला काय, सावलीच बरी."

त्या उठून लिंबाखाली जाऊन बसल्या. मी वाचायला लागले. गोजरबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांचे डोळे लिंबाकडे. पहिल्यापेक्षा वाईट झालं. चमचाभर रक्त, दोन तास, सगळंच विसरल्या. मधेच म्हणाल्या, "सरिते, जाऊ नको गं."

"हितंच हाय मी," तिकडून आवाज आला.

मी चौकटीतली तीन वाक्यं वाचली. विचारलं. उत्तर तेच.

आणि मग माझा आवाज चढला. याची मला अजून लाज वाटते. छत्तीस किलोच्या बाईच्या अंगणात, तिचंच पाणी पिऊन, मी म्हणाले, "आजी, आत्ता वाचलं ना मी. तीनदा वाचलं. थांबणार नाहीत, थांबणार नाहीत. अजून कसं सांगू?"

गोजरबाई रागावल्या नाहीत. लहान लेकराला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या, "तू कशाला कावती. तू वाचलंस ते खरंच आसंल. पर माह्या गोळ्या कुटं हायत?"

"सरिताताईंकडे. पिशवीत."

"हां. रेशनला आंगठा लावल्याबिगर गहू देत्यात का? बँकेत आंगठ्याबिगर भागतं? आधी आंगठा, मग माल. सगळीकडं तसंच हाय, बाई. तू कागद काढलास आन् गोळ्या आजून पिशवीतच हायत. मंग म्या काय समजावं?"

मी लिंबाखाली बघितलं. निळी पिशवी सरिताताईंच्या मांडीवर, वर दोन्ही हात. दोन्ही वेळा ती पिशवी माझ्या शेजारी, नाहीतर समोर होती आणि मी कागदातले शब्द बदलत बसले होते.

"सरिताताई," मी हाक मारली, "गोळ्या आधी द्या ना."

त्या उठून जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "मॅडम, असं करू नका. गोळ्या हातात पडल्या की माणूस उठून कामाला लागतंय. थांबणार कोण ऐकायला? मी पल्स पोलिओपास्नं हेच करायली. आधी आपलं काम, मग देणं. नायतर मला दहा चकरा."

"मला माहिती आहे. आज तरी द्या."

"तुमच्या कागदाचं वाटोळं हुईल, सांगून ठेवते."

त्यांनी कापलेल्या पट्ट्या काढल्या, रोजच्या तीन गोळ्या, आठवड्याच्या एकवीस. वहीत खूण केली. गोजरबाईंनी पट्ट्या दोन्ही हातांत घेतल्या, आत गेल्या, डबा उघडल्याचा, लावल्याचा आवाज आला. मला वाटलं आता त्या येणार नाहीत. पण आल्या. पदराला हात पुसत समोर बसल्या, या वेळी पाय पसरून.

"हां. वाच आता."

मी वाचलं. पहिल्यापासून, सहा मिनिटं. आता त्या मधेमधे विचारू लागल्या. सुई केवढी? दवाखान्यात न्यायला गाडी की चालत? बाई काढणार का बाप्या? ही माणसं माझं नाव लिव्हणार का? मागच्या वेळी यातलं एकही विचारलं नव्हतं. मागच्या वेळी त्यांना ऐकायचंच कशाला होतं? द्यायचं तर होतंच.

"आणि नको म्हणालात तर?"

"तर नको," गोजरबाई म्हणाल्या. "म्या नाय येत."

"चालेल," मी म्हणाले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. "का पण?"

"नको वाटतंय म्हून."

त्या दिवशी पाचही घरी आम्ही आधी गोळ्या दिल्या. कडुबामामा गोळ्या घेऊन खरंच उठून गेले, सरिताताईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दहा मिनिटांनी ते परत आले, बैल बांधून, आणि कागद वाचून म्हणाले, "माझं घ्या. माझा भाऊ याच दुखण्यानं गेला, गोळ्या खाऊन खाऊन. मला बी बघायचंय मुरती का नाय." अजून एक जण हो म्हणाला. गोजरबाईंसकट तिघांनी नको म्हटलं.

---

"पाचातले तीन?" मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तनुजा, मला साठ हवेत. या हिशेबाने दीडशे घरं फिरावी लागतील. तू अभ्यास करायला निघालीस की बंद पाडायला?"

"मॅडम, आधीचे पाच हो हे हो नव्हतेच. त्यांना वाटत होतं गोळ्यांची किंमत आहे ती."

"ते मला कळतंय गं. कळत नाही असं नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "पण मग वाक्य आहे ना पत्रकात. चौकटीत आहे. अजून किती?"

"वाक्याने होत नाहीये, मॅडम. मी नऊ वेळा लिहिलंय."

नऊ वेळांच्या त्या सगळ्या दुपारी, त्याच्या पाठीला टेकवलेलं बधिर पाऊल, आणि त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मॅडमनी पत्रक माझ्यापुढे सरकवलं.

"काय लिहायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

मी पत्रकाच्या सगळ्यात वर लिहिलं: 'हा कागद वाचण्याआधी तुमच्या या आठवड्याच्या गोळ्या तुमच्या हातात मिळायला हव्यात. मिळाल्या नसतील तर आधी त्या मागा. मिळेपर्यंत कागद ऐकू नका.'

मॅडमनी दोनदा वाचलं. "कमिटी चिडणार," त्या म्हणाल्या. पण खोडलं नाही.

कमिटी चिडली नाही, अप्पाराव सर चिडले. "हा तर आरोप झाला. आपलेच कर्मचारी गोळ्या अडवून धरतात, असं आपणच छापायचं? आणि 'कागद ऐकू नका'? माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत माहितीपत्रक ऐकू नका?" त्यांनी लाल पेनने लिहिलं, 'औषधवितरणाची प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतरच सदर पत्रकाचे वाचन करण्यात येईल.'

मी गोजरबाईंचं बोलणं जसंच्या तसं अहवालात उतरवलं होतं. अध्यक्षांनी ते मोठ्याने वाचलं. रेशन, बँक, आधी अंगठा मग माल. कुणी हसलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, "सर, बाकी भाषा तुमची ठेवा. हे मात्र भाषेचं नाही. काय आधी द्यायचं, त्याचं आहे. पेशंटला गोळ्या मागता आल्या पाहिजेत, आणि तुमच्या वाक्यात तो कुणाकडे मागणार?"

अप्पाराव सरांनी आपलं लाल वाक्य खोडलं. मग म्हणाले, "ठीक. हे राहू द्या. पण 'ऐच्छिक' मी सोडणार नाही."

नाही सोडला. माझ्या 'तुमच्या मनाने'च्या जागी 'ऐच्छिक' आला, 'रक्त काढणार'च्या जागी 'रक्तनमुना संकलित' आला. मी म्हणाले, निदान कंसात साधं लिहू द्या. तर म्हणाले, कंस वाचनात अडथळा आणतो. पाच पानांपैकी मला माझी तीन वाक्यं मिळाली, आणि त्याच बैठकीत मंजुरी. जिन्यात मॅडम म्हणाल्या, "घे आणि गप्प बस." मी घेतलं. गप्प बसले असं म्हणता येणार नाही. घरी येऊन सम्यकचे लंगोट इतके जोरात पिळले की सासूबाईंनी विचारलं, कुणाची मान आहे.

---

पुढच्या बुधवारी खरं काम सुरू झालं. आता सही-अंगठ्याचं. लिहिता न येणाऱ्या पेशंटसाठी अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार सगळा वेळ हजर लागतो. गोजरबाईंना विचारून अंगणवाडीच्या बाईंना बोलावलं होतं. मला गोजरबाईंकडे परत जायची गरज नव्हती, मॅडम म्हणाल्याही, ती तर नाहीच म्हणाली ना. पण तेव्हा नुसतं वाचन होतं. यादीत नाव होतं, आणि त्यांना खरोखरीचं विचारणं मला चुकवायचं नव्हतं.

सरिताताईंनी न सांगता आधी पट्ट्या दिल्या. अजून त्यांना ते पटलेलं नव्हतं. "आजपास्नं उलटं गाडं," त्या अंगणवाडीच्या बाईंना म्हणाल्या. गोजरबाई डब्यात ठेवून आल्या. मी पाचही पानं वाचली. बावीस मिनिटं लागली. 'रक्तनमुना संकलित' पाशी थांबून त्यांनी विचारलं, "म्हंजे?" मी म्हणाले, "रक्त काढणार." "मग तसं म्हन की," त्या म्हणाल्या.

"मग, येणार का आजी? सांगा."

गोजरबाईंनी आधी सरिताताईंकडे बघितलं, मग अंगणवाडीच्या बाईंकडे, मग त्या पाच पानांकडे, ज्यांवर कॉलेजचा गोल शिक्का होता. वाचनाच्या दिवशी नको म्हणताना त्या पाय पसरून बसल्या होत्या. आज मांडी घातली होती, पाठ ताठ.

"नको," त्या म्हणाल्या.

माझ्या यादीत नकारासाठी रकाना होता, कारणासाठी दुसरा. कारण सांगणं पेशंटवर बंधनकारक नाही. पहिल्या रकान्यात खूण केली, दुसरा रिकामा ठेवला. साठांच्या यादीतली पहिलीच ओळ. राजनंदिनी मॅडमना ती कशी दिसेल ते मला माहीत होतं. मी कागद गोळा केले, पेनाचं टोपण लावलं आणि उठले.

गोजरबाई उठल्या नाहीत. काहीतरी व्हायचं बाकी आहे अशा बसून राहिल्या. मला कळलं नाही त्या कशाची वाट बघतायत. सरिताताईंना कळलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि चप्पल घालता घालता म्हणाल्या, "पुढल्या बुधवारी अकराला येते गं आजी. घरीच ऱ्हा. गोळ्या द्यायच्या हायत."

"येशील?"

"न यायला काय झालं? दर बुधवारी येते की."

गोजरबाईंनी तोंडावरचा पदर सारखा केला. "मग जा," त्या म्हणाल्या. "ऊन व्हायलंय."